टाचण परत पाठवताना

जूनमध्ये शाळा उघडली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी पाचवी ते सातवीच्या गणिताची टाचणं तपासायचं काम माझ्या गळ्यात घातलं. तोवर मी टाचण लिहिणाऱ्यांतली. वह्या शनिवारी वर जायच्या, सोमवारी खाली यायच्या, शेवटच्या ओळीखाली लाल शाईत ‘पाहिले’ आणि सही. वर नेमकं काय पाहिलं जातं हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. आता मीच ‘वर’ होते.

तपासायला एक पानाची यादी होती. डावीकडे त्या घटकाच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तो शिकल्यावर मुलांना काय यायला हवं ते, त्यापुढे तीन रकाने: उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण करायची आणि जिथे खूण होणार नाही ते शिक्षकांना परत कळवायचं. निष्पत्ती कुठून आणायच्या हा प्रश्न नव्हता. एनसीईआरटीने २०१७ साली त्या काढल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच छापलेल्या असतात. आपण ते पान उलटून थेट पहिल्या पाठाला जातो, एवढंच.

पहिली अडकलेली वही पाचवीच्या नव्या बाईंची. घटक सममूल्य अपूर्णांक, पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका. मी ती ठाण्याहून नेरुळला जाणाऱ्या लोकलमध्ये वाचली. ऐरोली जाईपर्यंत तिन्ही रकान्यांत खुणा झाल्या होत्या. दोन उद्दिष्टं होती: सममूल्य अपूर्णांक ओळखणे, आणि दिलेल्या अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक तयार करणे. कृतीत कागदाच्या घड्या होत्या: एक घडी घालून अर्धा, दुसरी घातल्यावर तोच अर्धा म्हणजे २/४, तिसरी घातल्यावर ४/८. मूल्यमापनात २/३ = □/१२ अशा धर्तीचे पाच चौकोन. सगळं भरलेलं, अक्षर मोत्यासारखं. तरी काहीतरी खटकत होतं आणि ते काय, हे सांगता येत नव्हतं. शेवटी मी ‘मूल्यमापन अपुरे वाटते’ असं लिहून वही परत दिली.

दोन दिवसांनी वही आली. पाच चौकोनांचे दहा झाले होते.

राग बाईंचा नाही, माझाच आला. ‘अपुरे’ म्हटल्यावर माणूस आणखी घालणारच. भाजीत मीठ कमी म्हटलं की मीठ पडतं, मग खरी उणीव चिंचेची का असेना.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर वही पुन्हा उघडली आणि खुणा करण्याऐवजी पेन्सिलीने रेघा ओढल्या. प्रत्येक उद्दिष्टातल्या क्रियापदाखाली रेघ. मग तिथून ते क्रियापद मुलं जिथे प्रत्यक्ष करतात त्या कृतीपर्यंत, आणि तिथून ते त्यांना जमलं की नाही हे जिथे कळेल त्या प्रश्नापर्यंत. पाचव्या मिनिटाला सगळं दिसलं. ‘ओळखणे’ या उद्दिष्टातून निघालेली रेघ घड्यांपर्यंत पोचत होती आणि तिथेच संपत होती, कारण दोन अपूर्णांक सारखे आहेत की नाहीत असं विचारणारा एकही प्रश्न नव्हता. ‘तयार करणे’ची रेघ कृतीवरून उडी मारून थेट चौकोनांवर जात होती, कारण अंश आणि छेद एकाच संख्येने गुणायचे हे मुलं कुठल्याच कृतीत करून बघत नव्हती. म्हणजे शिकवलं जाणार होतं एक आणि तपासलं जाणार होतं दुसरंच. रकाने मात्र तिन्ही भरलेले, म्हणून खुणा करताना ते पकडीत येत नव्हतं. यादी उभी वाचली की सगळं ठीक दिसतं, आडवी वाचली की तुटलेलं दिसतं.

घड्यांमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. कागद अर्ध्यात दुमडत गेलं की छेद दोन, चार, आठ, सोळा एवढेच मिळतात. तीन येत नाही, पाच येत नाही. आणि चौकोनांतला पहिलाच अपूर्णांक २/३. ज्या मुलाने हाताने फक्त अर्ध्याचे भाग केलेत, त्याच्यासाठी २/३ = □/१२ हा निव्वळ पाढ्याचा खेळ होतो: तीन चोक बारा, म्हणून दोन चोक आठ. उत्तर बरोबर येतं आणि त्याला काय कळलं ते आपल्याला कळत नाही. चौकोन अगदीच टाकाऊ नसतात हेही सांगते. काही मुलं ‘छेदात नऊ वाढले, म्हणून अंशातही नऊ’ असं करून अकरा लिहितात आणि ती चूक इथे लगेच उघडी पडते. पण बरोबर उत्तर लिहिणाऱ्याबद्दल चौकोन मुका असतो.

आणि साहित्याच्या ओळीत लिहिलं होतं, ‘मुलांनी घरून आणलेले कागद’. ही ओळ मी तीनदा वाचून पुढे गेले होते. एकाकडे वर्तमानपत्राचं पान असेल, एकाकडे वहीचं, एकाकडे मिठाईच्या खोक्याचा कागद. वर्तमानपत्राचा पाव भाग वहीच्या अर्ध्यापेक्षा मोठा भरतो. पूर्ण सारखं नसेल तर तुलनेला अर्थच नाही, आणि नेमकी तीच अट टाचणात कुठेही नव्हती.

दुसऱ्या वेळी परतीचा कागद वेगळा लिहिला. प्रत्येक त्रुटीसाठी तीनच गोष्टी: यादीत काय मागितलं आहे, टाचणात काय आढळलं, कोणत्या ओळीत. उपाय मुद्दाम लिहिला नाही. वर्ग त्यांचा आहे, आणि उपाय मी लिहिला की तोच उतरवला जातो, हे दहा चौकोनांनी शिकवलं होतं. कागद असा होता:

‘उद्दिष्ट १, ओळखणे: कृती आहे (घड्या). मूल्यमापनात याचा प्रश्न आढळला नाही.
उद्दिष्ट २, तयार करणे: मूल्यमापन आहे (प्रश्न १ ते १०). यासाठी मुलं करतील अशी कृती आढळली नाही. कृतीत छेद २, ४, ८. प्रश्नांत ३ आणि ५ सुद्धा.
साहित्य: कागदांची मापं वेगळी असू शकतात. दोन्ही अपूर्णांकांसाठी पूर्ण एकच आहे, हे मुलांना कुठे कळेल ते लिहिलेलं नाही.
निष्पत्तीतील दशांश रूपाचा भाग टाचणात नाही.’

मधल्या सुट्टीत बाई कागद घेऊन आल्या. चेहरा पडलेला. डबा उघडून बसलो.

“बाई, पहिले तीन पटले. चौथा नाही पटला.”

“का?”

त्यांनी वार्षिक नियोजनाचं पान पुढे केलं. दशांश अपूर्णांक दुसऱ्या सत्रात होते. पुस्तकातली एकच निष्पत्ती लांबलचक आहे. समूहाचा भाग काढणं, सममूल्य अपूर्णांक, दशांश रूप, सगळं तिच्यात येतं, आणि ती वर्षाअखेरीस पुरी व्हायची असते. दोन तासिकांच्या टाचणाकडून मी ती अख्खी मागत होते. चौथा मुद्दा त्यांच्यासमोरच खोडला आणि यादीत एक चौथा रकाना आखला: ‘इथे अपेक्षित नाही, अमुक घटकात येईल’. तो रकाना नसेल तर शिक्षक बिचारे प्रत्येक टाचणात सगळंच कोंबतात आणि कुठलंच धड होत नाही.

“पण बाई, दोन तासिकांत कृती आणि प्रश्न दोन्ही वाढवले तर मावणार कसं?”

“दहा चौकोनांतले किती लागतात?”

त्या हसल्या. “दोन.”

पुढचं सगळं त्यांचं. घरचे कागद रद्द केले. प्रत्येकाने गणिताच्या चौकटीच्या वहीतून बारा चौकटींची एक ओळ कापायची. चौकटी सगळ्यांच्या एकाच मापाच्या, त्यामुळे पट्टी सगळ्यांची सारखी, आणि बाराचे दोन, तीन, चार, सहा असे भाग सरळ पडतात. पट्टीचे तीन भाग करून दोन रंगवले की आठ चौकटी रंगतात. २/३ आणि ८/१२ एकाच रंगाखाली दिसतात, आणि प्रत्येक भागाचे चार झाले म्हणून अंशही चौपट झाला, हे बोट ठेवून मोजता येतं. पाचचे भाग या पट्टीत होत नाहीत. बाईंनी ते ओळखून छेद ५ चे प्रश्न दहा चौकटींच्या पट्टीसह दुसऱ्या तासिकेत ढकलले. सुरुवात पूर्वज्ञानाने, आणि तीही छान: “भाजीवाल्या मावशींकडून दोनदा पाव किलो भेंडी घेतली, तर किती झाली?” अर्धा किलो हे पाचवीच्या कुठल्याही मुलाला येतं. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द पोरं अपूर्णांक या शब्दाच्या कितीतरी आधी शिकलेली असतात, आणि आपण मात्र १/४ ला ‘एक छेद चार’ म्हणून त्यांना परकं करून टाकतो. (हे माझं जुनं दुखणं आहे, असो.)

मूल्यमापनात दोन चौकोन ठेवले आणि दोन नवे प्रश्न आले. एकात चार जोड्या देऊन कोणत्या सममूल्य आहेत ते विचारलं. त्यात १/२ आणि २/३ ही जोडी मुद्दाम होती, वर-खाली एकेक वाढवणाऱ्यांसाठी. दुसरा असा: ‘भाकरीचा १/४ भाग आणि २/८ भाग यांत मोठा कोणता? चित्र काढून सांग.’ आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत हे वर्गकार्य म्हणून गेलं.

मी पुन्हा रेघा ओढल्या. या वेळी दोन्ही रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. सही केली, ‘पाहिले’ मात्र लिहिलं नाही.

दुसऱ्या तासिकेला मागच्या बाकावर जाऊन बसले. पाऊस असा की पंखा आणि मुलं यांच्यापेक्षा पत्र्याचाच आवाज जास्त. शेवटची दहा मिनिटं मुलं चिठ्ठ्यांवर लिहीत होती. बाईंनी गोळा केलेल्या चिठ्ठ्या आम्ही शिक्षक-खोलीत वाचल्या. १/२ आणि २/३ ला सममूल्य म्हणणारी चार निघाली. आणि एका मुलीच्या चिठ्ठीवर दोन गोल होते. डावीकडे छोटा, त्याचे चार भाग करून एक रंगवलेला. उजवीकडे त्याच्या दुप्पट मोठा, आठ भाग, दोन रंगवलेले. खाली नेटक्या अक्षरात: ‘२/८ मोठा. चित्रात दिसतो.’

बाईंनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. पट्ट्या सारख्या होत्या तोवर पूर्ण एकच आहे याचा विचार करायची वेळच मुलीवर आली नव्हती. ती अट चौकटीच्या वहीने परस्पर सांभाळली होती. माझी तिसरी त्रुटी कागदावर भरून निघाली होती, मुलीच्या डोक्यात नाही.

“उद्याची पहिली दहा मिनिटं याच चित्रावर घेते,” बाई म्हणाल्या आणि टाचणाच्या वहीत समासात लिहायला लागल्या. मी यादी काढली आणि मूल्यमापनाच्या रकान्यातली त्या ओळीची खूण खोडली.