‘झाला’ आणि ‘केला’

आमचं घर आणि शेजारच्या साहेबांचं घर यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. या भिंतीवरून आजवर कढीपत्ता गेला, विरजण आलं, एकदा आमची कोंबडी गेली आणि दुसऱ्या दिवशी रीतसर परत आली. तरीही परवा साहेबांनी तक्रार केली ती ईमेलनं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. विषय: ‘रात्रीच्या आवाजाबाबत’.

आदल्या दिवशी पुतण्याच्या पोराचं जावळ होतं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. गोवऱ्या थोड्या ओलसर निघाल्या, आर पडायलाच आठ वाजले, म्हणून जेवणं लांबली. मग पोट्ट्यांनी अंगणात बॉक्स लावला, आणि आत्याबाई नाचल्या म्हटल्यावर कोणाला घड्याळ आठवतं? साहेबांना आठवत होतं. त्यांनी लिहिलं होतं: ‘काल रात्री १०.४० ते १२.२० पर्यंत आपल्या अंगणातून स्पीकरचा आवाज येत होता. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले आहेत. गोळी घेऊन तिला नऊला झोप लागली होती. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावण्यास मनाई आहे. कृपया नोंद घ्यावी.’ खाली वेळ होती रात्रीचे १२.३१. म्हणजे आमचा बॉक्स बंद झाल्यावर अकरा मिनिटांनी.

बायको म्हणाली, “ईमेल काहून केला असन जी? भित काय पडली का?” आत्याबाईंचा उपाय तयार होता, “चार रोडगे डब्यात घाल, तूप सोड अन् जा. तो बोलनच नाही काही.”

तेच तर मला खटकलं. मी डबा घेऊन दारात उभा राहिलो असतो तर साहेबांना ‘अहो, काही नाही, घरचं कार्य आहे’ म्हणावंच लागलं असतं. बिमार बाईच्या घरात वर चहा टाकावा लागला असता. मला माफी मिळाली असती, पण ती त्यांच्याकडून वसूल केल्यासारखी. त्यांनी लिहून कळवलं, तर आधी लिहूनच उत्तर द्यावं. डबा मग पाहू.

उत्तर लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात त्यांची टिल्लू मोटर आली. ती पहाटे पाचला सुरू होते आणि नळाला पाणी येवो न येवो, घरघरत राहते. दोन वर्षं मी ते सोसतोय, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतही नव्हतं. तक्रारीचं उत्तर लिहायला घेतलं की स्वतःच्या तक्रारी कुठून कुठून उगवतात! ती ओळ खोडली. मोटरबद्दल बोलायचं असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रात.

दुसरा मसुदा भलताच नम्र झाला. ‘आपणांस काही त्रास झाला असल्यास क्षमस्व.’ वाचायला छान. पण त्यातला ‘असल्यास’ पाहा. साहेबांनी तासमिनिटांसकट सांगितलंय की त्रास झाला, आणि मी म्हणतोय, झाला असल्यास! म्हणजे त्यांनी आता पुरावा आणावा. पुढे लिहिलं होतं, ‘आवाज थोडा जास्त झाला.’ हा ‘झाला’ आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. पेला फुटला, उशीर झाला, आवाज झाला. करणारा कुठं दिसतच नाही. बॉक्स आपोआप अंगणात आला, पिन आपोआप खुपसली गेली. ‘झाला’ काढून तिथं ‘आम्ही केला’ लिहिलं, तेव्हा मला स्वतःलाच जरा टोचलं, म्हणजे शब्द बरोबर बसला.

त्यांनी सांगितलेला नियमही पाहिला. तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला आहे, आणि साहेब बरोबर होते. वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सणासुदीला बारापर्यंतची सूट असते, पण ती सरकारनं ठरवलेल्या मोजक्या दिवसांची. आपल्या पोराच्या जावळाला ती लागू होत नाही.

तरी मनात एक किंतु होता: आवाज एवढा खरंच गेला असेल का? अंगणात तर आम्ही एकमेकांशी बोलू शकत होतो. म्हणून संध्याकाळी सहाला पुतण्याला तेच गाणं तेवढ्याच आवाजात पाच मिनिटं लावायला सांगितलं आणि मी रस्त्यानं फिरून साहेबांच्या मागच्या भिंतीला गेलो. गाण्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता. फक्त धम्, धम्, धम्. बारीक सूर भिंत अडवते, खालचा ठोका तिच्यातून आरपार जातो. भिंतीला तळहात लावला तर तो ठोका हाताला लागत होता. आम्ही ऐकत होतो ते गाणं होतं, पलीकडे पोचत होता तो नुसता घण.

आणि ही संध्याकाळ होती. मार्गशीर्षातल्या रात्री आवाज आणखी लांब जातो. जमीन थंड पडते, खालची हवा गार आणि वरची त्या मानानं उबदार राहते, मग वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. थंडीत रात्री आमच्याकडे चार कोसांवरच्या रेल्वेची शिटी ऐकू येते, उन्हाळ्यात भर दुपारी येत नाही, ती यामुळेच. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त आपल्या बॉक्सलाही ते लागू पडतं हे सुचलं नव्हतं.

शेवटी गेलेलं पत्र असं:

‘सा. न. वि. वि.
आपण लगेच कळवलंत, बरं केलंत. काल रात्री १०.४० ते १२.२० आम्ही अंगणात स्पीकर लावला, आणि वहिनींची झोप मोडली. ही आमची चूक आहे. माफ करा. वहिनींची शस्त्रक्रिया झाल्याचं ठाऊक असूनही आमच्या लक्षात राहिलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं. यापुढे स्पीकर दहाच्या आत बंद होईल, आणि त्याचं तोंड आपल्या घराकडे नसेल. घरी कार्य असलं तर आदल्या दिवशी कळवीन. तरीही आवाज आला तर रात्री केव्हाही फोन करा, मी उठून बंद करीन. उद्या पाहुणे परत जाणार आहेत. तोवर पोरांची थोडी धावपळ राहील, दिवसा.’

ओल्या गोवऱ्या यात नाहीत. वर्षातून एकदाच, म्हातारी आत्या, हौस, हेही नाही. कारणं खरी होती, पण गुडघा दुखणाऱ्या बाईला रात्री बारा वाजता गोवऱ्यांच्या ओलीशी काय देणं? ‘फोन करा’ लिहिताना हात जरा अडखळला. लिहिलं की उठावं लागणार. ‘दिवसा’ मात्र मुद्दाम लिहिलं. पोरं चिडीचूप राहतील असा शब्द दिला असता तर तो सकाळी सातलाच मोडला असता.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘मिळाले. नोंद घेतली.’ बायको म्हणाली, “बस? एवढंच?” मला तेवढंच पुरेसं वाटलं. माणूस आयुष्यभर खात्यात होता.

रोडगे चौथ्या दिवशी गेले, भिंतीवरून, वहिनींच्या हातात. त्या वॉकर धरून उभ्या होत्या.

पुढच्या महिन्यात साळ्याची पोरगी पाहायला पाहुणे आमच्याकडे आले. आदल्या दिवशी साहेबांना कळवलं. दहाला पाच कमी असताना पुतण्यानं पिन काढली. पण आत्याबाई मुक्कामाला होत्या, आणि त्यांच्या हसण्याला पिन नाही. सकाळी ईमेल उघडला. विषय तोच, Re: Re: करत आलेला. आत लिहिलं होतं: ‘स्पीकर ९.५५ ला बंद. १०.२५ ला कोणीतरी मोठ्याने हसले. सौ. विचारते, काय विनोद होता?’