काळे आधी की कावळे?

आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी कॅल्कमध्ये टाइप करून, अकारविल्हे लावून मी छापून आणली. काउंटरवरच्या ताईंनी चष्मा सावरला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "कावळ्यांच्या आधी काळे? ळ कुठे येतो, शाळेत शिकला नाहीस का?"

शिकलो होतो. श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. यादीत मात्र क्रम असा होता: काकडे, कांबळे, कामत, काळे, कावळे. क्षीरसागर तर ह संपल्यावर यायचे, ते 'क'च्या शेवटी, खरे यांच्या आधी जाऊन बसलेले.

आधी वाटलं, टाइप करताना काही घोळ झाला असेल. म्हणून ही पाच आडनावं नव्या शीटवर पुन्हा टाइप केली, क्रम तोच. मग `Data > Sort` मधल्या `Options` टॅबवर गेलो. तिथे `Language` म्हणून एक खाना आहे, ज्याकडे मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यात इंग्रजी होतं. हिंदी निवडलं तर कांबळे उडी मारून काकड्यांच्या आधी आले, पण काळे जागचे हलले नाहीत. मराठी निवडल्यावर मात्र कांबळे, काकडे, कामत, कावळे, काळे असा क्रम लागला.

कारण शोधलं तेव्हा कळलं की युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. क्षला तर स्वतंत्र जागाच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो, म्हणून 'क'मध्ये सापडतो. मराठीच्या नियमात 'ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ' असं वेगळं सांगितलेलं आहे. हिंदीच्या नियमात ते नाही. अनुस्वाराला इंग्रजीत जवळजवळ वजनच नाही, म्हणून कांबळे 'काबळे' समजून लावले गेले.

खात्रीसाठी ब्राउझरच्या कन्सोलवरही करून पाहिलं:

```
['काळे','काकडे','कावळे','कांबळे','कामत']
  .sort(new Intl.Collator('mr').compare)
```

`'mr'` च्या जागी `'hi'` घातलं की काळे पुन्हा कावळ्यांच्या आधी.

नव्या यादीत दीक्षित हे दिवाण, दीनानाथ वगैरेंच्याही खाली गेले. पहिल्यांदा मी दचकलो, पण बरोबरच आहे ते: 'दी'नंतर क्ष, आणि क्ष हच्या पुढे.

ताईंनी नवी प्रत तपासली. "कांबळे पहिले कसे? बाराखडीत कं शेवटी येतो." यावर मराठीचा पर्यायही उपयोगाचा नाही, त्यात अनुस्वार आधीच लागतो. जुन्या रजिस्टरात कांबळे 'का'च्या शेवटी लिहिलेले होते. ती सहा नावं मी हातानं खाली सरकवली आणि शीटवर टीप लिहून ठेवली, पुन्हा सॉर्ट करू नका म्हणून.