मुदतवाढीचं पत्र: नवी तारीख कशी ठरवली

एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला मुलाखतींवर आधारित प्रकल्प होता. मी मुंबईतल्या सिटीलाइटच्या मासळी बाजारातल्या पाच विक्रेत्या मावशींशी बोलले होते. प्रकल्प द्यायचा होता शुक्रवारी, १४ फेब्रुवारीला. त्याआधीच्या शनिवारी रात्री बाबांच्या पोटात असह्य दुखू लागलं आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीने करावं लागलं. आईची नोकरी विरारला आणि आम्ही भांडुपला, त्यामुळे हॉस्पिटलात दिवसभर मीच होते. मंगळवारी बाबा घरी आले, तेव्हा मी मुदतवाढीचं पत्र लिहायला बसले.

मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, ‘अपरिहार्य कारणामुळे मला एक आठवड्याची मुदत मिळावी.’ विभागातल्या एका ताईला ते फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलं, “आठवडा कधीपासून? पत्र दिल्यापासून की चौदापासून? आणि मॅडमना गुण कधी भरायचेत?” ते मला माहीत नव्हतं. तिनेच सांगितलं, अंतर्गत गुण परीक्षा विभागाला २५ तारखेपर्यंत जायचे आहेत. म्हणजे मॅडमना माझे चाळीसेक पानांचे कागद वाचायला त्याआधी दोन-तीन दिवस तरी हवेतच. तेव्हा पुढची हद्द कळली.

मग उरलेलं काम मोजलं. तीन मुलाखती उतरवून झाल्या होत्या, दोन बाकी होत्या. बाजारातलं रेकॉर्डिंग उतरवणं वेळखाऊ असतं. मागे कोयता चालू असतो, मध्येच गिऱ्हाईक भाव विचारतं, मावशी त्याला उत्तर देऊन पुन्हा आपल्या गोष्टीवर येतात. अर्ध्या तासाच्या बोलण्याला माझे तीन तास सहज जात. बाबांची औषधं आणि जेवणखाण सांभाळून दिवसाला एकच मुलाखत होणार होती. त्यानंतर विश्लेषणाला तीन दिवस, शिवाय प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंगला एक दिवस धरला. गुरुवार, १३ पासून मोजून हिशेब मंगळवार, १८ वर आला. बाबांना टाके काढायला न्यायचं होतं, म्हणून एक दिवस हाताशी ठेवला, तर तारीख आली १९. पण १९ फेब्रुवारीला शिवजयंती, कॉलेजला सुट्टी. म्हणून गुरुवार, २० पक्का केला. सुट्टीची तारीख लिहिली असती तर ‘आदल्या दिवशी की दुसऱ्या दिवशी’ हा घोळ झाला असता.

कारणही मोघम ठेवलं नाही. ‘अपरिहार्य’ म्हटल्यावर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आजारपणाचा पूर्ण पाढा वाचायचीही गरज नसते. दोन वाक्यं आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पुरते. पत्र असं झालं:

दिनांक : १२ फेब्रुवारी

प्रति,
मा. विषय-प्राध्यापिका,
समाजशास्त्र विभाग

विषय : प्रकल्प सादर करण्यास २० फेब्रुवारीपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत

महोदया,
आपल्या विषयाचा प्रकल्प शुक्रवार, १४ फेब्रुवारी रोजी सादर करायचा आहे. ८ फेब्रुवारीच्या रात्री माझ्या वडिलांवर तातडीची शस्त्रक्रिया झाली. ते काल घरी आले असून दिवसा त्यांच्याजवळ मी असते. डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

पाचही मुलाखती घेऊन झाल्या आहेत. त्यांपैकी तीन लिहून तयार आहेत. दोन मुलाखतींचे लेखन व विश्लेषण बाकी आहे. पूर्ण प्रकल्प मी गुरुवार, २० फेब्रुवारी रोजी दुपारी १ वाजेपर्यंत विभागात आणून देईन. तयार भाग आपण सांगाल तेव्हा दाखवू शकेन. कृपया ही मुदतवाढ द्यावी, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, हजेरी क्रमांक)

विषयाच्या ओळीतच तारीख घातली, कारण मॅडमच्या टेबलावर त्या दिवसांत कागदांचा गठ्ठा असतो. पत्राच्या दोन प्रती काढल्या. मुदत संपायच्या आत पत्र हातात पडायला हवं होतं, म्हणून शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून बुधवारी तासाभरासाठी कॉलेजला जाऊन आले.

मॅडमनी पत्र उभ्यानेच वाचलं. बाबांची चौकशी केली आणि म्हणाल्या, “तयार तीन मुलाखती चौदालाच दे. मी तेवढ्या वाचून ठेवते. बाकीचं वीसला.” उशिराचे गुण कापणार का, हे मी स्पष्ट विचारलं. पत्र मुदतीच्या आत आलंय, कापणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या प्रतीवर ‘२० फेब्रु., दु. १ पर्यंत मान्य’ असं लिहून सही केली. ती पोच मी जपून ठेवली.

तीन मुलाखती चौदाला भावाच्या हाती पाठवल्या. वीसला साडेबाराच्या सुमारास पूर्ण प्रकल्प दिला आणि सही असलेली प्रत मुखपृष्ठाच्या लगेच मागे लावली. यादीत सगळ्यांपुढे १४ आणि माझ्यापुढे २० का, हे गुण भरणाऱ्याला तिथेच दिसावं म्हणून.