रेकॉर्डिंग स्वच्छ, डोळ्यासमोर भूत

मे महिन्यात सोलापूरचं ऊन डोक्यावर आलं की नवी पेठेत चार वाजेपर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही. अशाच एका दुपारी एक काका पोराला घेऊन आले. काका चादरीच्या कारखान्यात, पोरगं इंजिनिअरिंगला. फोन सेकंडहँड घेतलेला, पण नव्या चिपचा आणि महागातला. काकांनी तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "डिस्प्ले बदलायचा किती घेता, तेवढं सांगा."

निदान आधीच एका दुकानातून होऊन आलं होतं. तक्रार अशी, की गोळीबाराच्या गेममध्ये पटकन वळलं की पळणाऱ्या माणसाभोवती पांढुरकी सावली फिरते, नेमाची खूण दुहेरी दिसते, कोपऱ्यातले आकडे फराटतात. त्या दुकानाने स्क्रीन रेकॉर्डिंग करून पाहिलं, तर त्यात काहीच नाही. म्हणजे चिप बरोबर चित्र देते आणि पॅनल ते खराब करतं, असा हिशेब. जुन्या फोनला हा हिशेब लागू पडतो, मीही तसाच लावतो. पण पोरगं जाता जाता बोललं, "दादा, पहिली दहा-पंधरा मिनिटं बरं असतं. फोन तापला की भूत वाढतं." पॅनल बिघडलं असतं तर ते गेमपुरतं कशाला थांबलं असतं? कॉन्टॅक्टची लांबलचक यादी जोरात सरकवली, अक्षरं स्वच्छ.

गेम चालू करून बाजूचा गेम मेनू ओढला. दोन बटणं चालू होती. एक सुपर रिझोल्यूशनचं, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून धारदार करणारं. दुसरं फ्रेम वाढवणारं, म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने तिसरं घालणारं. हे काम काही फोनांत मुख्य चिपच करते. क्वालकॉम त्याला ॲड्रेनो फ्रेम मोशन इंजिन म्हणतं, मीडियाटेक फ्रेम रेट कन्व्हर्टर. काही कंपन्या मात्र मुख्य चिप आणि पॅनल यांच्या मध्ये वेगळी डिस्प्ले चिप बसवतात, आणि हा फोन त्यातलाच होता. रेकॉर्डिंग उचललं जातं ते मुख्य चिपकडून. मधली चित्रं तयार होतात त्याच्या पुढे, पॅनलच्या दारात. मग ती रेकॉर्डिंगमध्ये सापडणार कशी?

पकडायची तर बाहेरून. माझा फोन स्टँडला लावला, स्लो मोशन २४० वर ठेवलं आणि त्याच्या स्क्रीनचं शूटिंग केलं. पॅनल सेकंदाला १२० चित्रं दाखवतं, म्हणजे प्रत्येक चित्र माझ्या कॅमेऱ्यात दोनदा यायला हवं. फोन थंड होता तेव्हा एकेक फ्रेम पुढे सरकवत पोराला दाखवलं. एक चित्र स्वच्छ, पुढचं घाण, मग स्वच्छ, मग घाण. घाण चित्रात बंदुकीच्या नळीची कड विरघळलेली आणि गोळ्यांच्या आकड्यातला ८ अर्धवट ३ झालेला. आकडा तर जागचा हलत नाही, हलतं ते मागचं दृश्य. पण मधल्या चिपच्या हातात फक्त तयार चित्र येतं, त्यात आकडा कुठला आणि भिंत कुठली हे तिला कोण सांगणार? गेममध्येच बांधलेली सोय असेल तर कुठली वस्तू किती सरकली याची माहिती गेम स्वतः देतो, आणि बटणं-आकडे शेवटी वरून रेखता येतात. म्हणून तिथे ही घाण बरीच कमी दिसते.

मग वीसेक मिनिटं खेळू दिलं. पंखा होता, पण वारा गरमच. फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमधला रिफ्रेश रेट १२० दाखवत राहिला, गेमचा स्वतःचा मीटर मात्र ६० वरून ४० ला आला. खूप जण पहिला आकडा बघून खूश होतात. तो पॅनलचा वेग असतो, गेमने किती खरी चित्रं काढली ते त्यातून कळत नाही. पुन्हा शूटिंग केलं तर एक स्वच्छ, दोन घाण. गरम झाल्यावर जीपीयूचा, म्हणजे मुख्य चिपमधल्या चित्रं काढणाऱ्या भागाचा, वेग उतरला आणि दर खऱ्या चित्रामागे खोटी चित्रं दुप्पट झाली. शिवाय दोन खऱ्या चित्रांतलं अंतर सुमारे सतरा मिलिसेकंदांवरून पंचवीसवर गेलं. तेवढ्या वेळात माणूस जास्त सरकतो, अंदाज जास्त चुकतो. पोराचं "तापला की भूत वाढतं" हे शब्दशः खरं होतं.

"आणि बोट उशिरा लागतं," तो म्हणाला. तेही बरोबर. मधलं चित्र काढायला पुढचं खरं चित्र आधी हातात लागतं, म्हणून ते ताजं चित्र रोखून धरावं लागतं. ६० ला हा उशीर निदान आठेक मिलिसेकंद आणि वर चिपचा स्वतःचा वेळ, ४० ला त्याहून जास्त. डोळ्याला १२० वाटतं, बोटाला ४० पेक्षाही ढिलं.

काकांचा प्रश्न बॅटरीचा होता. "कंपनी तर म्हणते यानं बॅटरी वाचते." ते मोजूनच दाखवलं. केबल लावली की चार्जिंग सुरू होतं, म्हणून वायफायवरून लॅपटॉप जोडला आणि हे चालवलं:

```
adb shell dumpsys battery
```

यात `Charge counter` नावाची ओळ येते, आकडा मायक्रोअँपिअर-तासांत. आधीच्यातून दहा मिनिटांनंतरचा वजा करायचा, हजाराने भागलं की एमएएच. ब्राइटनेस तीच, सरावाचं मैदान तेच, दर वेळी फोन थंड करून. दोन्ही बटणं बंद आणि ६० वर खेळलं तर १५८ एमएएच गेले. फ्रेम वाढवणारं चालू केलं तर १८१. खऱ्या १२० वर २३६. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाही, ती खऱ्या १२० शी तुलना करते. हे पोरगं ६० वरून आलेलं, त्याला वर खर्चच लागला: पॅनल दुप्पट वेगाने चालतं आणि मधली चिप जागी राहते.

सुपर रिझोल्यूशनची गंमत वेगळी. गेमचं ग्राफिक्स पूर्ण वर ठेवून बटण दाबलं तर १६६, म्हणजे न दाबण्यापेक्षा जास्त. जीपीयू आधीच सगळे पिक्सेल काढत होता, वर हे एक काम वाढलं. गेमचं रिझोल्यूशन एक पायरी खाली आणलं आणि मग बटण चालू केलं, तेव्हा १३१ वर आलं. १०८० ऐवजी ७२० ने काढलं तर पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, बचत तिथून येते. चित्रावर परिणाम होतोच. लांबच्या तारा आणि गवताची पाती वळताना चमचमतात, कडांना पांढरी रेघ येते. हाताच्या अंतरावर मला ते चालण्यासारखं वाटलं. पोराने फोन नाकाजवळ नेला आणि "तार तुटते बघा" म्हणाला. तुटत होती.

शेवटी त्याच्या गेमला फ्रेम वाढवणारं बंद, ६० ची मर्यादा, रिझोल्यूशन एक पायरी खाली आणि सुपर रिझोल्यूशन चालू असं लावून दिलं. दुपारच्या उकाड्यातही मीटर साठाजवळ टिकला. गाडीच्या गेमला फ्रेम वाढवणारं राहू दे म्हटलं. तिथे नेम धरायचा नसतो आणि रस्ता एकाच दिशेने धावतो, त्यामुळे अंदाज फारसा चुकत नाही. काकांना डिस्प्लेचा रेट सांगायची वेळ आलीच नाही. स्क्रीनगार्ड फुटलेला होता, तेवढा बदलून दिला आणि त्याचेच पैसे घेतले.