हसऱ्या चेहऱ्यांची मोजदाद

माझ्या एका मैत्रिणीच्या मेसेजमधले इमोजी अचानक आटले. आधी दर दुसऱ्या ओळीला हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा असायचा, आता नुसतं ‘बरं’, ‘हो’, ‘बघते’. हिचं काहीतरी बिनसलंय, असं माझ्या मनानं घेतलं. सरळ विचारायचं सोडून मी मोजायला बसले. स्वभाव, दुसरं काय!

व्हॉट्सॲपवरचं आमचं बोलणं एक्सपोर्ट केलं आणि तिच्या ओळी वेगळ्या काढल्या. एकूण इमोजी मोजून उपयोग नव्हता, कारण ती हसली की एकदम पाच चेहरे टाकते; विनोद एक, गुण पाच. शिवाय दिसायला एक असलेला इमोजी फाइलमध्ये एकच असेल असं नाही. रंग बदललेला अंगठा म्हणजे आत अंगठा वेगळा आणि रंग वेगळा, मोजणाऱ्याला दोन. म्हणून शंभर मेसेजपैकी कितींत निदान एक तरी इमोजी आहे, एवढंच पाहिलं. मार्चमध्ये ३८, एप्रिलमध्ये ५२, मेमध्ये ११. आलेख घसरगुंडीसारखा दिसला आणि, खोटं कशाला बोलू, शंका खरी ठरल्याचं जरा समाधानही वाटलं.

फोन केला, तर बाई ठणठणीत. “अगं, हल्ली तुझ्या मेसेजवरच बोट दाबून धरते आणि हसरा चेहरा चिकटवते. वेगळं कशाला लिहू?” हे चिकटवलेले चेहरे एक्सपोर्टच्या फाइलमध्ये येतच नाहीत. स्टिकरच्या जागी तर नुसतं `<Media omitted>`. फोनवर मेचं संभाषण वर सरकवत गेले, तर माझ्या मेसेजांच्या खाली कोपऱ्याकोपऱ्यात तिचे चेहरे बसलेले. ती हसत होती पूर्वीइतकीच. फक्त हसण्याची जागा बदलली होती.

“मग एप्रिलमध्ये मात्र फार मजेत होतीस,” मी म्हटलं. ती जरा थांबली. एप्रिलमध्ये तिचे बाबा बारा दिवस दवाखान्यात होते. मला पत्ता नव्हता. मी पुन्हा त्या ओळी काढल्या. ‘आज नको, जरा धावपळ आहे’, पुढे दोन हसरे चेहरे. ‘झोप झाली नाही’, पुढे तीन. कोणी जास्त विचारू नये म्हणून ओढलेला तो पडदा होता, आणि माझ्या आलेखात तोच सर्वांत उंच महिना. मेसेज नुसता वाचला असता, तरी ‘झोप झाली नाही’ हे शब्द समोर होतेच. मी त्यांच्या शेजारचे चेहरे मोजत होते.

रात्री तिला लिहिलं, ‘तेव्हा सांगायचंस ना.’ उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं माझ्याच मेसेजला खाली एक लाल बदाम चिकटला. पुन्हा एक्सपोर्ट केलं, तर त्या रात्री तिच्या नावावर एकही ओळ निघणार नाही.