रात्री न दिसणारा गतिरोधक

आमच्या जिल्हा आवृत्तीत वाचकांच्या पत्रांचं सदर मी पाहतो. सदराची जागा ठरलेली आहे. रोज चार पत्रं, आणि एकेक पत्र दोनशे शब्दांच्या आत. बहुतेक पत्रं आता मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर येतात, पण त्या सोमवारी टपालानं एक फुगलेलं पाकीट आलं. आत वहीची तीन पानं होती, पाठपोट लिहिलेली. बॉलपेन इतकं दाबून धरलेलं की पानावरून बोट फिरवलं तर मागच्या बाजूची अक्षरं हाताला लागत होती.

पहिलं वाचन मी हातात पेन न घेता करतो. पेन असलं की काटायला सुरुवात होते, आणि माणूस काय सांगतोय ते कळायच्या आधीच निम्मं पत्र गेलेलं असतं. पत्र एका बाईंचं होतं. गावातल्या शाळेसमोर रस्त्याचं नवं डांबरीकरण झालं, तिथं गतिरोधक घातला गेला. बाईंचे पती दुसरी पाळी संपवून रात्री घरी येत असताना त्यावरून दुचाकी उडाली आणि त्यांच्या गळपट्टीचं हाड मोडलं. इथवर पहिलं पान. दुसऱ्यावर ठेकेदार कोणाचा मेहुणा, त्यानं कोणाला किती पैसे चारले, हे नावानिशी. पुढे मोकाट कुत्री, तुंबलेली गटारं, वाढलेली घरपट्टी. 'ही माणसं नव्हेत, गिधाडं आहेत', असं एक वाक्य दोनदा अधोरेखित. एकूण शब्द साडेसहाशेच्या घरात.

वाचून झालं की मी पत्र पालथं ठेवतो आणि एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून पाहतो : कोणी, काय करावं? ते लिहिता आलं नाही तर पत्रात मुद्दा नाही. वाक्यात 'आणि' आलं तर बहुधा तिथं दोन पत्रं आहेत. या पत्राचं वाक्य मला लिहिता येईना. पुन्हा वाचलं तेव्हा पाचव्या बाजूवर कुत्र्यांच्या मजकुरात अडकलेली एक ओळ सापडली : 'दिवसा तो दिसतो हो, रात्री डांबरासारखाच काळा, कुठं सुरू होतो तेच कळत नाही.' म्हणजे गतिरोधकावर पांढरे पट्टे मारलेलेच नव्हते. चिठ्ठी लिहून झाली. नगरपालिकेनं तो रात्री दिसेल असा करावा.

मग मी पत्र बसवलं, एकशेवीस शब्दांत, आणि बाईंना फोन करून वाचून दाखवलं. आशय बदलेल इतकी काटछाट असली की मी लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय छापत नाही. 'सदर गतिरोधकावर पट्टे नसल्याने वाहनधारकांची गैरसोय होत असून संबंधितांनी याकडे लक्ष द्यावे...' इथंच त्यांनी मला थांबवलं.

"साहेब, हे माझं पत्र नाही. हा अर्ज झाला. माझ्या माणसाचं हाड मोडलंय, त्याला गैरसोय म्हणता तुम्ही?"

त्यांचं बरोबर होतं. शिव्या काढायच्या म्हणून मी त्यांची भाषाच काढून टाकली होती. या सदरावर बसून इतकी वर्षं झाली, तरी सभ्य म्हटलं की माझ्या हातून कचेरीची भाषा उतरते, आणि मग पत्र कोणीही लिहिलेलं असू शकतं. मी त्यांना म्हटलं, "ताई, पुन्हा बसू. पण दोन गोष्टी मला छापता येणार नाहीत."

पहिली गोष्ट ठेकेदाराच्या पैशांची. "तुम्ही कोणाला पैसे देताना पाहिलंत?" त्या म्हणाल्या, "सगळं गाव बोलतंय." गाव बोलतंय एवढ्यावर नाव छापलं तर बदनामीचा दावा त्यांच्यावरही येऊ शकतो आणि संपादकावरही. पत्र वाचकाचं असलं तरी छापतो आम्ही. शिवाय तो आरोप राहिला असता तर ठेकेदारानं फक्त आरोपाचा खुलासा पाठवला असता आणि पट्ट्यांचा विषय तिथंच संपला असता. हे त्यांना पटलं. 'गिधाडं' मात्र सोडवेना. मी विचारलं, "ते पडले त्या रात्री नक्की काय झालं, सांगाल?" त्या बराच वेळ बोलल्या, मी लिहून घेतलं. ते सांगताना त्यांनी एकही शिवी दिली नाही.

फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मुलानं पट्टी लावून मोजलाय, पंधरा सेंटिमीटर उंच आहे." मी सरसावून बसलो. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोल गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी काही मीटर आहे, म्हणजे चढ-उतार सावकाश हवा. मुद्दा वजनदार होता, तरी मी तो या पत्रात घेतला नाही. उंची म्हटली की मोजमाप आलं, कुठून मोजलं यावर वाद आला, खोदकाम आलं. पट्टे आणि चाळीस मीटर अलीकडचा सूचनाफलक यांवर कोणाचाच वाद नाही. (इथं 'आणि' आहे खरा, पण दोन्ही एकाच मागणीचे, गतिरोधक दिसण्याचे.) उंचीचं त्यांना वेगळं लिहायला सांगितलं आणि आमच्या वार्ताहराला टेप घेऊन जायला सांगितलं. पट्टे नाहीत, हेही त्यानं संध्याकाळी जाऊन पाहिलं.

शेवटी छापलेलं पत्र असं :

'आमच्या शाळेसमोर डिसेंबरात नवा गतिरोधक झाला. शाळेसमोर तो हवाच होता. पण त्यावर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलकही नाही. दिवसा तो दिसतो. रात्री डांबरासारखाच काळा, कुठं सुरू होतो तेच कळत नाही. १२ जानेवारीला रात्री साडेअकराला माझे पती कामावरून येत होते. इथं गतिरोधक आहे हे त्यांना माहीत होतं, तरी अंधारात अंदाज चुकला आणि गाडी उडाली. गळपट्टीचं हाड मोडलं. दीड महिना ते कामावर जाऊ शकणार नाहीत. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत आणखी तीन जण पडलेले मी दारातून पाहिले. नगरपालिकेनं या गतिरोधकावर पट्टे मारावेत आणि अलीकडे फलक लावावा. रंगाचा एक डबा आणि एका रात्रीचं काम आहे.'

'शाळेसमोर तो हवाच होता' हे वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं. मला ते सुचलं नसतं. गतिरोधकच नको म्हणणारे लोक असतात, त्यांच्यात आपली गणना होऊ नये असं त्यांना वाटत होतं. तीन जणांचा आकडाही मी त्यांना दोनदा विचारला. आधी त्या 'रोज कोणी ना कोणी पडतं' म्हणाल्या होत्या, मग आठवून आठवून तीन. शेवटच्या ओळीला मी हात लावला नाही. शंभर शब्दांच्या आसपास पत्र बसलं, त्यात खाली नाव-गाव.

पत्र गुरुवारी छापून आलं. नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. पट्टे मारले होते, फलक अजून नव्हता. त्याच आठवड्यात त्यांचं दुसरं पाकीट आलं, या वेळी पातळ. एकच पान, एकाच बाजूला लिहिलेलं, त्यात फक्त उंची. सोबत मुलानं पट्टी उभी धरून काढलेला फोटो.