महिना अधिक अडीच: वय-महिन्याच्या खेळाची तीन आठवड्यांची नोंद

खेळ आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. समोरच्याने जन्ममहिन्याचा आकडा मनात धरायचा, त्याची दुप्पट करायची, ५ मिळवायचे, ५० ने गुणायचं आणि त्यात आपलं वय मिळवायचं. येणाऱ्या संख्येतून २५० वजा केले की शेवटचे दोन अंक वय सांगतात आणि त्याआधीचे महिना. नोव्हेंबरमधला ३४ वर्षांचा मित्र घ्या: ११ चे २२, मग २७, मग १३५०, वय मिळवून १३८४. त्यातून २५० गेले की ११३४.

मी हा खेळ कितीतरी वर्षं करतेय, पण २५० वजा करायला समोरच्यालाच सांगायचे. त्यात सगळी मजा जायची, कारण ११३४ हा आकडा त्याला आधी दिसायचा आणि त्यातलं स्वतःचं वय तो मला आधी सांगून टाकायचा. या वेळी ठरवलं की समोरच्याने १३८४ वरच थांबायचं आणि पुढचं मी मनात करायचं.

पहिला आठवडा

मनात २५० वजा करताना मी अडखळत होते. समोर माणूस बघत असताना १४१२ मधून २५० काढायला दोन-तीन सेकंद जातात आणि ते चेहऱ्यावर दिसतं. मग वजाबाकीच सोडली आणि संख्या दोन तुकड्यांत ऐकायला लागले. शेवटचे दोन अंक ५० किंवा त्याहून जास्त असतील, तर त्यांतून ५० काढले की वय आणि पुढच्या तुकड्यातून २ काढले की महिना. ५० पेक्षा कमी असतील, तर त्यांत ५० मिळवायचे आणि पुढच्यातून ३ काढायचे. १३८४ मध्ये ८४ चे ३४ आणि १३ चे ११. १४१२ मध्ये १२ चे ६२ आणि १४ चे ११, म्हणजे नोव्हेंबरमधलीच, पण बासष्ट वर्षांची व्यक्ती. दोन दिवसांत हे इतकं बसलं की समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत उत्तर तयार असतं.

याच आठवड्यात एक प्रश्न डोक्यात आला: मिळवायचे ते ५ च का? ४ मिळवून पाहिले. २२ आणि ४ मिळून २६, पन्नासपट १३००, वय मिळवून १३३४. झालं, ३४ उघड्यावर! माझ्या मावसभावाने तो आकडा बघितल्या बघितल्या "हे तर माझंच वय" म्हटलं. ५ मिळवले की पन्नासाची एक जादा भर पडते आणि ३४ चं ८४ होऊन लपतं. ८४ बघून स्वतःचं वय कुणाला आठवत नाही. माझ्या मते या खेळातली सगळ्यात हुशार जागा हीच.

दुसरा आठवडा

हा आठवडा चुकांचा. ऑफिसमधल्या मैत्रिणीने फोनवर गणित केलं आणि ३०६ सांगितले. माझ्या रीतीने वय ५६ आणि महिना शून्य! ती आहे चौतिशीची. तिचा फोन मागून घेतला, तर तिने सगळं एका ओळीत लिहिलं होतं:

```
11×2+5×50+34
```

फोनमधला कॅल्क्युलेटर गुणाकार आधी करतो, म्हणून २२, २५० आणि ३४ यांची बेरीज आली. साधा खिशातला कॅल्क्युलेटर जसं दाबाल तसं करत जातो, तो बरोबर १३८४ देतो. आता मी प्रत्येक पायरीनंतर "बरोबरचं चिन्ह दाब" असं आवर्जून सांगते. शिवाय एक पक्की खूण मिळाली: जानेवारीत जन्मलेलं तान्हं बाळ धरलं तरी संख्या ३५० येते. त्याखालचं काहीही ऐकलं की गणित चुकलंय.

दुसरी चूक ५ ची. कुणी ते मिळवायलाच विसरतं, कुणी दुप्पट करायच्या आधी मिळवतं. दोन्हींत वय बरोब्बर ५० ने हलतं, त्यामुळे समोर तिशीतला माणूस बसलेला असताना ८४ आलं की ५ गडबडलाय हे नक्की. पण नेमकं काय झालं ते संख्येवरून कळतंच असं नाही. १०३४ घ्या. ऑक्टोबरवाल्याने ५ विसरले तरी १०३४ आणि मेवाल्याने ५ आधी मिळवले तरी १०३४. दोघांचंही वय ३४. इथे अंदाज बांधू नये, "पाच कधी मिळवलेस?" असं सरळ विचारावं.

शंभरी गाठलेल्यांच्या बाबतीत खेळ मोडतो, कारण शंभर महिन्याच्या तुकड्यात शिरतात. एप्रिलमधल्या १०१ वर्षांच्या आजी मे महिन्यातलं एक वर्षाचं बाळ म्हणून निघतात. अशा वेळी माणूस समोर आहे, एवढंच पुरे.

तिसरा आठवडा

या आठवड्यात मावशीकडे गेले होते. तिला कॅल्क्युलेटर नको होता. सहा दुणे बारा, पाच सतरा, इथपर्यंत आली. "आता पन्नासने गुण," म्हटलं, तर क्षणात म्हणाली, "सतराचे निम्मे साडेआठ, म्हणजे साडेआठशे."

मी थांबलेच. लहानपणी तिने निमकी, पावकी, दिडकी, अडीचकी घोकलेली. तिच्यासाठी पन्नासने गुणणं म्हणजे निम्मं करून शे लावणं. आणि तसं पाहिलं की सगळा खेळ उलगडतो. महिन्याची दुप्पट करून ५ मिळवायचे आणि मग निम्मं करायचं, म्हणजे महिन्यात अडीच मिळवायचे. तेवढे शेकडे. जूनचे साडेआठशे, नोव्हेंबरचे साडेतेराशे, डिसेंबरचे साडेचौदाशे. वय मिळवण्याआधी जानेवारीपासून प्रत्येक महिना 'साडे'वरच थांबतो आणि त्यातून अडीचशे गेले की पूर्ण शेकडा उरतो. (२म + ५) × ५० हे मी इतकी वर्षं लिहीत आलेय, पण 'महिना अधिक अडीच, तेवढे शेकडे' हे मला मावशीच्या तोंडून कळलं. आता वयस्कर माणसांना मी पन्नासने गुणायला सांगतच नाही. "निम्मे कर आणि शे लाव," म्हणते.

मावशीने वय मिळवून ९२१ सांगितले. २१ चे ७१ आणि ९ चे ६.

"एकाहत्तर आणि जून," मी म्हटलं.

"एकाहत्तरावं लागलंय गं, पूर्ण नाही झालेलं. आणि जून शाळेतला. मास्तरांनी सगळ्यांचीच एक जून लावली होती. आई सांगायची, श्रावणातली मी."

ही गोष्ट आधीच विचारायला हवी होती. खेळ तेच परत देतो जे आपण त्यात घातलेलं असतं, म्हणून वय पूर्ण झालेलं की लागलेलं, महिना कागदावरचा की घरचा, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यायला हवं. जुन्या पिढीत एक जूनवाले इतके आहेत, की साठीपुढच्यांकडून ६ आला की मी आता "कागदावरचा का?" असं विचारतेच.

मग चैत्र एक धरून श्रावणाचा पाच घेतला. मावशीच म्हणत गेली, "पाच दुणे दहा, पाच पंधरा, निम्मे साडेसात, साडेसातशे. आणि एकाहत्तर... आठशे एकवीस." मी तोंड उघडायच्या आत तिनेच अडीचशे काढले आणि म्हणाली, "पाचशे एकाहत्तर. आला बघ श्रावण."